'दम धर' हा शब्द आम्ही का सोडला: किशोर गटातल्या कबड्डीपटूंच्या प्लँकचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

परळ-लालबाग भागातलं एक जुनं कबड्डी मंडळ. मी तिथे किशोर गटाला शिकवतो. 13 ते 16 वयाची 16 मुलं, सराव संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. मंडळाचं आणि मुलांचं नाव इथे देत नाही. ज्या मुलाभोवती हे प्रकरण फिरतं, त्याला मैदानावरच्या त्याच्या जागेवरून 'डावा कोपरा' म्हणतो. वय 15, अंगाने सडसडीत, चवड्याची पकड संघात सगळ्यात चिवट.

जूनमध्ये पाऊस धरला की आमच्या मैदानाचा चिखल होतो आणि सराव मंडळाच्या हॉलमध्ये येतो. खाली शहाबादी फरशी, वर जुन्या सतरंज्या. चढाई-पकडीचा पूर्ण सराव तिथे करता येत नाही, म्हणून पावसाळाभर शरीर तयार करण्यावर भर. त्या वर्षी मी ठरवलं की कोअरवर काम करायचं. कारण सरळ होतं. कोपरा चढाईपटूचा घोटा धरतो आणि चढाईपटू मध्यरेषेकडे झेप घेतो, तेव्हा हाताची पकड बहुतेक वेळा शाबूत असते. सुटते ती कंबर. कंबर वाकडी झाली की पायांचा जोर हातांपर्यंत पोचत नाही आणि मुलगा पोत्यासारखा ओढला जातो.

कोअर म्हणजे पोटावरच्या चौकटी, असं बहुतेक मुलं धरून चालतात. खरं तर तो चहूबाजूंनी बंद असलेला डबा आहे. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, पुढे आणि बाजूंना पोटाचे थर, मागे मणक्याला लगटून असलेले छोटे स्नायू. या डब्याचं मुख्य काम हलणं नाही, बाहेरून ओढ आली तरी मणक्याला जागेवर ठेवणं. म्हणून पोट दुमडण्याच्या उठाबशांपेक्षा प्लँक, म्हणजे कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर अंग फळीसारखं सरळ धरून ठेवणं, आमच्या कामाचा वाटला. निवड बरोबर होती. शिकवण्याची पद्धत चुकली.

अडचण कशी उभी राहिली

मी हॉलच्या भिंतीवर फळा लावला. रोज सरावाच्या शेवटी सगळ्यांनी एकदम प्लँक धरायचा आणि ज्याचा त्याचा वेळ फळ्यावर लिहायचा. लक्ष्य तीन मिनिटं. मुलांना चुरस आवडते, पहिल्या आठवड्यातच हॉल घुमायला लागला. मी घड्याळ घेऊन समोर उभा राहायचो आणि ओरडायचो, "दम धर! दम धर रे, सोडू नको!"

तीन आठवड्यांत फळ्यावरचे आकडे झपाट्याने वाढले. डाव्या कोपऱ्याचा आकडा सगळ्यात वर गेला: 3 मिनिटं 40 सेकंद. मी खूश होतो. चौथ्या आठवड्यात, सराव संपल्यावर तो चपला घालायला वाकला आणि एक हात कमरेवर ठेवून सावकाश उठला. विचारलं तर म्हणाला, "काही नाही दादा, कंबर भरून येते. प्लँक जास्त झाला की येते. सकाळी बरी असते."

त्या दिवशी मी ऐकून घेतलं आणि "उद्या जरा कमी कर" एवढंच सांगितलं. दहा दिवसांनी त्यानेच येऊन सांगितलं की आता मागे वाकलं की दुखतं, आणि जास्त करून डाव्या बाजूला. तेव्हा मी जागा झालो.

दुसऱ्या दिवशी मी पालकांच्या ग्रुपवर विचारून मुलांच्या प्लँकचे व्हिडिओ घेतले, बाजूने, फोन जमिनीलगत ठेवून. एवढे दिवस मी डोक्याच्या बाजूला उभा असायचो. तिथून दिसतात ते लाल झालेले चेहरे आणि थरथरणारे हात. कंबर दिसतच नाही. बाजूने पाहिल्यावर जे दिसलं त्याने मी अक्षरशः खजील झालो. डावा कोपरा पहिली वीस-पंचवीस सेकंदं फळीसारखा सरळ होता. त्यानंतर पोट हळूहळू खाली येत गेलं, कमरेत खळगा पडला, आणि पुढची तीन मिनिटं त्याने स्नायूंवर नाही तर मणक्याच्या मागच्या सांध्यांवर लटकून काढली होती. म्हणजे फळ्यावरचा त्याचा विक्रम हा मुळात कंबर मागे वाकवून ठेवण्याचा विक्रम होता, आणि त्यासाठी टाळ्या मी वाजवल्या होत्या.

बाकीच्यांचंही चित्र बरं नव्हतं. 16 पैकी 10 मुलांची कंबर अर्ध्या मिनिटाच्या आत खचत होती. चौघांनी उलट बूड हवेत उचलून तंबू केला होता. आणि जवळजवळ सगळ्यांनी श्वास कोंडला होता.

समोरचे पर्याय

पहिला निर्णय डाव्या कोपऱ्याचा, आणि त्यात पर्याय फारसे नव्हतेच. वाढत्या वयातल्या खेळाडूची कंबर दोन आठवड्यांहून जास्त दुखत असेल, मागे वाकल्यावर दुखणं वाढत असेल आणि ते एका बाजूला असेल, तर कमरेच्या मणक्याच्या मागच्या कमानीत ताणामुळे बारीक तडा गेलेला असू शकतो. वेगवान गोलंदाज आणि जिम्नॅस्ट मुलांत हे बरंच आढळतं. सुरुवातीच्या दिवसांत साध्या एक्स-रेत तो तडा दिसेलच असं नाही. एका पायावर उभं करून मागे वाकवून बघण्याची एक चाचणी प्रशिक्षकांमध्ये फिरते, पण तेवढ्यावरून हाड ठीक आहे की नाही हे सांगता येत नाही. म्हणून मी त्याला ती चाचणी करायला न लावता त्याच्या आईला फोन केला आणि हाडांच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं.

बाकीच्या 15 मुलांचं काय करायचं, यावर मात्र मंडळात दोन संध्याकाळी चर्चा झाली.

प्लँक बंद करून पूर्वीच्या उठाबशांवर जावं, असं एक मत होतं. मला ते पटलं नाही. चुकलं होतं ते शिकवणं, व्यायाम नव्हे. आणि पाठीला बाक देत शेकडो वेळा पोट दुमडणं हा कंबर दुखणाऱ्या वयावर उपाय नव्हता.

आमचे एक ज्येष्ठ खेळाडू आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांचं मत वेगळंच. "आम्ही तालमीत जोर मारायचो, शंभर-शंभर. कुणाची कंबर गेली नाही. ही पोरं तीन मिनिटं आडवी राहिली तर काय होतंय?" अण्णांचा अनुभव मी हलका मानत नाही. पण एक गोष्ट मी त्यांना दाखवली. जोर मारताना शरीर सतत फिरतं, कंबर एका जागी लटकून राहत नाही, आणि तालमीत वस्ताद बाजूला उभा राहून पाठीवर थाप मारून चूक तिथल्या तिथे मोडायचा. आमच्याकडे थाप मारणारं कुणी नव्हतं. घड्याळ होतं.

तिसरा पर्याय वेळ कमी करण्याचा. तीन मिनिटांऐवजी एक मिनिट. हा सोपा होता आणि मी जवळजवळ तोच घेणार होतो. पण ज्याची कंबर 25 सेकंदांत खचते त्याच्यासाठी एक मिनिटही 35 सेकंद जास्तच. त्यात आकडा तसाच फळ्यावर राहिला असता.

शेवटी जी पद्धत घेतली ती कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात पाठीच्या यंत्रणेवर दीर्घकाळ काम केलेले प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांच्या सल्ल्याशी जुळणारी आहे: एकदा लांबलचक धरण्याऐवजी साधारण 10 सेकंदांचे छोटे धरणे, मध्ये थोडी विश्रांती, आणि पुन्हा. सहा वेळा केलं तरी एक मिनिटाचं काम होतं, पण प्रत्येक सेकंद सरळ कमरेने. मुलाला थकवा येण्याआधी सोडायला सांगायचं, त्यामुळे वाईट आकार अंगवळणी पडायला वेळच मिळत नाही.

काय केलं: आधी कंबर सापडणं

पहिले तीन दिवस एकाही मुलाने प्लँक केला नाही. सतरंजीवर पाठीवर झोपवलं, गुडघे दुमडून, तळवे जमिनीवर. स्वतःचा हात कमरेखाली सरकवायचा. तिथे पोकळी असते. ती पोकळी पाठीने दाबून हातावर भार आणायचा, मग सोडायचा. एवढंच. निम्म्या मुलांना हे जमलं नाही. कमरेऐवजी ती पोट आत ओढत होती किंवा पाय जमिनीवर रेटत होती.

"ओटी मागे फिरव", "पोट घट्ट कर" असे शब्द फुकट गेले. शेवटी एका मुलाच्या शॉर्ट्सच्या लोंबणाऱ्या नाडीकडे बघून सुचलं. म्हटलं, "ती नाडीची गाठ आहे ना, ती छातीकडे वर उचल. पोट आत नको ओढूस, फक्त गाठ वर." आणि ते चाललं. त्या दिवसापासून 'गाठ वर' हा आमचा शब्द झाला. प्लँकमध्ये कंबर खचते तेव्हा ती गाठ जमिनीकडे लोंबायला लागते, त्यामुळे जोडीदारालाही लगेच दिसतं. मात्र गाठ वाजवीपेक्षा जास्त उचलली की पाठीला कुबड येतं, हेही शिकवावं लागलं. कमरेतला नैसर्गिक बाक थोडा राहायलाच हवा.

मग प्लँक, पण उतरणीवर. मंडळाच्या बाहेरचा कट्टा मांडीपर्यंत येतो. कोपर कट्ट्यावर आणि पाय जमिनीवर ठेवले की अंगाचा बराचसा भार पायांवर राहतो. तिथे 10 सेकंद, पाच वेळा. ज्याला पाचही नीट जमले तो हॉलमध्ये खाली आला आणि गुडघ्यांवरचा प्लँक करू लागला. नंतर पायांच्या बोटांवर. हे टप्पे वयानुसार ठेवले नाहीत. 13 वर्षांचा एक मुलगा आठवड्यात बोटांवर गेला आणि 16 वर्षांचा एक चढाईपटू तीन आठवडे कट्ट्यावरच होता.

त्या चढाईपटूबद्दल थोडं सांगायला हवं. वर्षभरात तो दाराच्या चौकटीवरच्या खुणेपेक्षा चांगला चार बोटं उंच झाला होता. आम्ही हॉलच्या दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा करतो. मागच्या वर्षी त्याचा प्लँक उत्तम होता, यंदा थरथरत होता. मी त्याला आळशी म्हटलं होतं. मुलांची उंची साधारण 13-14 च्या सुमाराला सगळ्यात वेगाने वाढते, काहींची उशिरा. हाडं आधी लांबतात, स्नायूंचा जोर मागून येतो. खांदा आणि पायाची बोटं यांतलं अंतर वाढलं की त्याच कमरेला जास्त लांबीचा भार पेलावा लागतो. अशा मुलाला गुडघ्यांवर आणणं म्हणजे मागे ढकलणं नव्हे, त्याची वाढलेली लांबी तात्पुरती कमी करणं आहे. हे त्याला चौकटीवरची खूण दाखवून सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा सैल झाला.

चार चुका आणि त्या कशा दुरुस्त झाल्या

16 मुलं आणि मी एकटा, त्यामुळे सगळ्यांकडे बघणं शक्य नव्हतं. म्हणून जोड्या केल्या. एक करणार, एक बघणार. बघणाऱ्याच्या हातात सुमारे चार फुटांची सरळ बांबूची काठी. ती करणाऱ्याच्या पाठीवर लांबीने ठेवायची. काठी तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याची मागची बाजू, खांद्यांच्या दोन पात्यांच्या मधला भाग, आणि माकडहाडाच्या वरचा सपाट भाग. कमरेजवळ काठीखालून फक्त तळहात जाईल एवढी फट. यापैकी एक जागा सुटली की जोडीदार "सोड" म्हणणार आणि ती खेप तिथेच संपणार. वाद नाही.

कंबर खचणं ही सगळ्यात धोक्याची चूक. काठीखालची फट वाढते, मूठ जाऊ लागते. बहुतेक वेळा नितंब सैल पडलेले असतात, त्यामुळे ओटी पुढे कलते. 'गाठ वर' आणि "बूड आवळ" एवढ्या दोन सूचनांनी काम झालं तर ठीक. दोनदा सांगूनही खचली तर तिसऱ्यांदा सांगायचं नाही, टप्पा खाली आणायचा. हा नियम मला स्वतःला पाळणं कठीण गेलं, कारण सांगत राहणं हीच प्रशिक्षकाची सवय असते. पण जो स्नायू दमला आहे तो ऐकत नाही.

बूड वर जाणं ही चूक मी इतकी वर्षं सोडून देत होतो, कारण त्यात कुणाला दुखत नाही. पण हा मुलाने स्वतः शोधलेला पळपुटा मार्ग आहे. बूड उचललं की भार खांद्यांवर आणि पायांवर जातो, पोट सुट्टीवर. आमच्या चौघांपैकी दोघांच्या बाबतीत कारण वेगळंच निघालं. त्यांनी कोपर खांद्यांच्या फार मागे, पोटाकडे ठेवले होते. कोपर खांद्यांच्या थेट खाली आणल्यावर बूड आपोआप उतरलं. उरलेल्या दोघांना ताकदच कमी होती, ते कट्ट्यावर गेले.

तिसरी चूक पाठीच्या वरच्या भागात असते आणि ती समोरून दिसते. मुलगा दोन्ही खांद्यांच्या मध्ये बुडतो, पाती पंखांसारखी बाहेर येतात आणि त्यांच्या मध्ये खळगा पडतो. मान आखडते, डोकं लोंबतं. त्याला "छाती वर" म्हटलं की तो कंबर वाकवून छाती वर करतो, म्हणजे एक चूक काढायला गेलो की दुसरी येते. चाललेली सूचना अशी: "कोपरांनी सतरंजी खाली ढकल आणि तुझ्या पायांकडे ओढ." ढकललं की पाती फासळ्यांवर सपाट बसतात, ओढलं की पोट आपोआप ताठ होतं. कोपर जागेवरून हलत नाहीत, फक्त तसा जोर लावायचा. सतरंजीला सुरकुती पडली की समजायचं मुलगा खरोखर ओढतोय.

चौथी चूक श्वास, आणि इथे दोष माझ्या जिभेचा होता.

कबड्डीत दम म्हणजे श्वासच. चढाईपटू 'कबड्डी कबड्डी' म्हणत एका दमात जातो, मध्ये श्वास घेतला तर बाद. पहिल्या दिवसापासून या मुलांना दम धरणं म्हणजे श्वास न घेणं हे शिकवलेलं. मी प्लँकमध्ये 'दम धर' ओरडत होतो, माझ्या मनात अर्थ होता 'टिकून राहा'. मुलांनी श्वास कोंडला. पोटाचा डबा कोंडलेल्या हवेने फुगवून ताठ ठेवता येतो, त्यासाठी स्नायूंना फार काम पडत नाही. पण हवा संपली की श्वास घ्यावाच लागतो, आणि त्या क्षणी डबा एकदम सैल होतो. व्हिडिओ पुन्हा बघितले तेव्हा दिसलं की अनेकांची कंबर नेमकी पहिला मोठा श्वास घेतानाच खाली आली होती.

मी 'दम धर' बोलणं बंद केलं. त्याऐवजी मुलांनी स्वतः मोठ्याने मोजायचं, एक ते दहा, आणि प्रत्येक आकड्यानंतर छोटा श्वास. आवाज चिरका झाला किंवा आकडे घाईने एकमेकांवर चढले की जोडीदार "सोड" म्हणणार. पहिले काही दिवस हॉलमध्ये वेगवेगळ्या सुरांत मोजणी चालायची आणि शेजारच्या चाळीतल्या एक काकू विचारून गेल्या की इथे शिकवणी सुरू झाली का. पण श्वास सुटला.

बाजूचा प्लँक आणि ओढ

तीन आठवड्यांनी बाजूचा प्लँक घेतला, आधी गुडघे दुमडून. इथे चूक लपून बसते: मुलगा बाजूवर राहण्याऐवजी छाती जमिनीकडे वळवतो आणि अर्धा पालथा होतो. त्यासाठी पाठ भिंतीला लावून करायला लावलं. वरचा खांदा किंवा वरचा नितंब भिंतीपासून सुटला की कळतं. दोन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे टिपले, आणि फक्त इथेच मी घड्याळ वापरलं, कारण हवा होता तो दोन बाजूंमधला फरक.

पुढचा टप्पा खेळाच्या जवळ जाणारा. हात सरळ ठेवून उंच प्लँक, पाय खांद्यांपेक्षा रुंद, आणि एका हाताने दुसऱ्या खांद्याला हलका स्पर्श. कमरेवर अर्धा भरलेला प्लास्टिकचा ग्लास. हात उचलला की कंबर एका बाजूला झुलते आणि पाणी सांडतं. सावकाश केलं तरच ग्लास राहतो, म्हणून घाई आपोआप संपते. त्यानंतर जोडीदाराने करणाऱ्याचा एक घोटा हलकेच मागे आणि बाजूला ओढायचा, करणाऱ्याने कंबर जागेवरून हलू द्यायची नाही. ओढ किती, तर काठीची तिन्ही टेकणं टिकतील एवढीच.

डावा कोपरा

डॉक्टरांनी एमआरआय करून घेतला. तडा नव्हता, मणक्याच्या मागच्या भागावर ताण आला होता. तीन आठवडे पकड, धावणं आणि मागे वाकण्याचे व्यायाम बंद. नंतर फिजिओथेरपिस्टकडे. त्या ताईंनी त्याला एक प्रश्न विचारला, जो मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता: "सरावाशिवाय संध्याकाळी अजून काय करतोस?"

रात्री साडेनऊनंतर तो गोविंदा पथकाच्या सरावाला जात होता, खालच्या थरात. खांद्यावर माणूस, माणसावर माणूस, आणि कमरेत तोच खळगा. आधी माझ्याकडे तीन मिनिटं चाळीस सेकंद, मग तिथे थर. हे कळल्यावर मला दोष वाटून घ्यायला बरं वाटलं असतं, पण ते खरं नाही. दोन्ही ओझी एकाच जागी पडत होती, आणि त्यातलं एक मी ठेवलं होतं.

त्याच्या आईशी आणि पथकाच्या दादाशी बोललो. त्या वर्षी तो थरात उभा राहिला नाही. पथकात राहिला, दोर धरायला. हा निर्णय त्याच्यासाठी फार अवघड होता आणि त्याने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

परतल्यावर त्याने सगळ्यांसारखीच कमरेखाली हात सरकवण्यापासून सुरुवात केली. बाजूच्या प्लँकमध्ये उजवीकडे तो 25 सेकंद नीट राहत होता, डावीकडे 8. डावीकडच्या 8 वर पोचला की आम्ही दोन्हीकडे तिथेच थांबायचो.

काय झालं

आठ आठवड्यांनी काठीच्या चाचणीत 16 पैकी 11 मुलांना बोटांवरचा प्लँक सहा वेळा 10 सेकंद, तिन्ही टेकणं न सुटता, मोजत मोजत करता आला. तिघे गुडघ्यांवर होते. दोघांची हजेरीच कमी होती, त्यांच्याबद्दल काही म्हणता येणार नाही. डावा कोपरा सातव्या आठवड्यात पकडीच्या सरावाला आला आणि पुढच्या स्पर्धेत दुखण्याशिवाय खेळला. त्याची डावी बाजू 19 सेकंदांपर्यंत आली, उजवी 25 वरच होती.

हे प्लँकमुळे झालं असं मी म्हणणार नाही. गोकुळाष्टमी होऊन गेली होती, थरांचा भार गेला होता, विश्रांती मिळाली होती. पकडी वाढल्या का, तर त्याचंही सरळ उत्तर नाही. पालथं पडून कंबर ताठ ठेवणं आणि उभ्याने घोटा धरून ओढ सोसणं यात बरंच अंतर आहे. घोटा ओढण्याच्या जोडीच्या व्यायामाने ते थोडं कमी होतं. उरलेलं मैदानावर, अर्ध्या जोराच्या पकडीपासूनच भरून काढावं लागतं. ते काम आम्ही ऑक्टोबरनंतर केलं.

फळा काढला नाही. काढायचा ठरवलं तेव्हा मुलांनी विरोध केला, आणि मला वाटतं ती बरोबर होती. आता त्यावर मिनिटं नाहीत, 'साफ दहा' किती झाले ते लिहितो, आणि तो आकडा करणारा सांगत नाही, काठी धरणारा सांगतो. अण्णा काही संध्याकाळी येऊन स्वतःच काठी धरतात. त्यांची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे, कंबर सुटायच्या आधीच "सोड" म्हणतात.

पुन्हा करायचं तर

"कंबर भरून येते" हे ऐकल्यावर दहा दिवस थांबणार नाही. त्याच संध्याकाळी मुलाचा प्लँक बंद, बाजूने व्हिडिओ, आणि आठवड्यातल्या सगळ्या हालचालींची चौकशी: शाळेतला खेळ, व्यायामशाळा, गोविंदा, ढोल. मुंबईत या वयाचा मुलगा एकाच ठिकाणी घाम गाळत नाही.

शिकवायला सुरुवात मे महिन्यात करीन, मैदान कोरडं असताना. पाऊस आल्यावर हॉलमध्ये वेळ भरायचा म्हणून प्लँक आला, त्यामुळे तो रोज आला आणि जास्त आला. आठवड्यातून तीन दिवस पुरतो.

आणि 13 वर्षांच्या मुलांची जोडी 16 च्या मुलांशी लावणार नाही. मोठ्याला "सोड" म्हणायला लहान मुलं कचरत होती. दोन जोड्यांमध्ये हे मला पाचव्या आठवड्यात कळलं. काठी कमरेवरून हवेत होती आणि छोटा गप्प होता. तेव्हापासून त्या दोन मोठ्या मुलांची जोडी एकमेकांशी आहे. एकाची पाती अजून बुडतात, म्हणून तो सध्या कट्ट्यावर हात सरळ ठेवून करतो, आणि दुसरा समोर उकिडवा बसून त्याच्या पाठीतला खळगा बघतो.